नाव झिजलेली तबकडी

आत्याला मी चुकीचं नाव सांगितलं होतं, आणि ते तिने खरं मानलं होतं. वर्षभर ही गोष्ट मला टोचत राहिली. सांगलीच्या घराची आवराआवर चालली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या पंचवीस-तीस रेकॉर्डी निघाल्या. बऱ्याच तडकलेल्या, दोनतीन एकमेकींना चिकटलेल्या, आणि ट्रंक उघडल्याबरोबर जुन्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा आणि लाखेचा असा मिळून एक वास. त्यातल्या एका तबकडीचं लेबल जवळजवळ कोरं होतं. मधल्या भोकाभोवती लालसर रंगाचा पट्टा उरलेला, वरच्या अंगाला कर्ण्याची एक कड, बाकी नाव, गाणं, नंबर सगळं गेलेलं. गंमत म्हणजे ते ओलीने गेलं नव्हतं. ओलीचे डाग ढगासारखे कुठेही पसरतात, कसर लागली तर कडा कुरतडलेल्या दिसतात. इथे झीज गोल होती, कुणी कंपास धरून खोडल्यासारखी. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं आणि विसरले.

कव्हरावर आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने 'हिराबाई' लिहिलेलं होतं. पुण्याहून मी सूटकेससारखा मिटणारा एक स्वस्त प्लेअर नेला होता. त्यावर ती लावली. खरखर, खरखर, आणि तिच्या आतून एक बारीक, टोकदार, कोवळा बाईचा आवाज. मराठी भावगीत. आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. वय शहाऐंशी. गाणं सुरू झालं तशी तिची पायाची बोटं चादरीखाली हलायला लागली. "कोण गं ही?" तिने विचारलं. मी कव्हर पाहिलं, आवाज ऐकला, सूर लावण्याची ती किराणा घराण्याची शांत पद्धत ओळखली आणि छातीठोकपणे म्हणाले, "हिराबाई बडोदेकर." आत्या म्हणाली, "असेल बाई. दादांना फार आवडायच्या हिराबाई." दादा म्हणजे माझे आजोबा. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगू लागली, आमच्याकडे हिराबाईंची जुनी प्लेट आहे.

पुण्याला आल्यावर ती तबकडी मी पुन्हा ऐकली आणि काहीतरी खटकलं.

पहिली शंका कव्हराची. रेकॉर्डी हाताळणाऱ्या माणसांना हे लगेच कळतं. मला ते उशिरा कळलं. कव्हर कधीच साक्षीदार नसतं. घरात दहा माणसं रेकॉर्डी काढतात, ऐकतात आणि हाताला येईल त्या कव्हरात सारतात. माझ्या ट्रंकेतच खऱ्याखुऱ्या हिराबाईंची एक रेकॉर्ड निघाली, लेबल छान वाचता येणारी, आणि ती होती एका कीर्तनाच्या रेकॉर्डीच्या कव्हरात. म्हणजे आजोबांनी लिहिलेलं नाव बरोबर होतं. फक्त ते दुसऱ्याच तबकडीचं होतं.

आता दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकता येत होते. हिराबाईंचा आवाज मला नेहमी साय धरलेल्या दुधासारखा वाटत आलाय, कुठेही ओरखडा नाही. हा दुसरा आवाज गोड होता, पण त्याला धार होती. तान घेताना तो पुढे झुकायचा, जरा घाईने, जणू श्वास संपायच्या आत पलीकडे पोचायचंय. घराणं तेच असेल, गळा तो नव्हता. पण "तो नव्हता" एवढंच कान खात्रीने सांगू शकत होता. कुणाचा होता, ते नाही.

कोल्हापूरला एक संग्राहक आहेत. साठ वर्षं रेकॉर्डी जमवलेल्या. मी त्यांना काका म्हणते. त्यांना फोन केला, फोनवरच गाणं ऐकवलं. त्यांनी मला गायिकेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते हे: "किती स्पीडवर लावलीस?" मी म्हणाले, अठ्ठ्याहत्तर. "तुझ्या प्लेअरवर अठ्ठ्याहत्तर छापलंय, की तू मोजलंयस?" मी गप्प.

त्यांनी मोजायची रीत सांगितली. कागदाच्या गोल चकतीवर काळ्या रेघा असतात, आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेसाठी सत्त्याहत्तर रेघा. चकती तबकडीवर ठेवायची आणि जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवायची. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, रेघांना कळतं. वेग मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांचा झाला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. आमच्या घरी सगळे एलईडी, त्यांच्या उजेडात रेघांचा नुसता करडा धूर दिसायचा. शेवटी स्वयंपाकघरातली ओट्यावरची जुनी ट्यूब कामी आली. प्लेअर कणकेच्या परातीशेजारी ठेवला, आणि रेघा तुरुतुरु पुढे पळाल्या. हिशेब केला तर वेग जवळपास ब्याऐंशी निघाला.

म्हणजे सांगलीला मी आणि आत्याने जो आवाज ऐकला, तो त्या बाईचा नव्हताच. वेग शेकडा सहाने वाढला की अख्खी पट्टी अर्ध्या स्वराने वर चढते, पेटीवरच्या काळी चारची शेजारची पांढरी सहा होते. आणि नुसती पट्टी चढत नाही. गळ्याचा आकारच बदलतो, छाती लहान झाल्यासारखी वाटते, चाळीस वर्षांची बाई वीस वर्षांची होते. मी जिला कोवळी म्हणत होते तिचा निम्मा कोवळेपणा माझ्या प्लेअरच्या मोटारीचा होता.

काका पुढे म्हणाले की अठ्ठ्याहत्तर हा आकडासुद्धा देवाने दिलेला नाही. सुरुवातीच्या काळात सत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत कुठल्याही वेगाने ध्वनिमुद्रण झालेलं सापडतं, आणि तीसच्या दशकातल्या तबकड्याही सगळ्याच काटेकोर नसतात. मग खरा वेग कळायचा कसा? गाण्यामागे पेटी असेल तर तिला विचारायचं. गळा हवा तिथे षड्ज धरतो, तंबोरा हवा तिथे लागतो, पण पेटीची पत्ती ठरलेल्या जागीच वाजते. मी मोजून ७७.९२ वर लावली तेव्हा षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या बरोबर मध्ये पडला. पेटीवर तिथे पट्टीच नसते. म्हणजे एक तर वेग शेकडा तीनने कमी करून साधारण ७५.७ ला आणायचा, मग काळी चार मिळते. नाही तर तेवढाच वाढवून ८०.३, मग पांढरी सहा. दोन्ही ऐकून पाहिलं. ८०.३ वर आवाजातला कंप शेळीच्या बें-बें सारखा, 'स' आणि 'श' शिट्टीसारखे. ७५.७ वर तीच बाई जमिनीवर मांडी घालून बसली. बोलल्यासारखे शब्द, श्वास घ्यायला पुरेसा वेळ. अर्थात काकांनी लगेच बजावलं, जुन्या पेट्या आजच्या पेट्यांशी जुळवलेल्या असतीलच असं नाही, तेव्हा ही फक्त शक्यता. त्याच बैठकीतल्या आणखी रेकॉर्डी मिळाल्या आणि त्याही ह्याच वेगाला काळी चार देत असतील, तरच पक्कं.

त्याच बैठकीतल्या रेकॉर्डी शोधायच्या कशा, तेही तबकडीवरच लिहिलेलं होतं. गाणं संपल्यावर लेबलाच्या अलीकडे एक गुळगुळीत पट्टी उरते. तिच्यात बारीक आकडे उठवलेले असतात. तो मॅट्रिक्स नंबर. लेबलावरचा विक्रीचा नंबर वेगळा, हा वेगळा. हा मुद्रणाच्या दिवशी, मेणावर गाणं कोरलं त्या क्रमाने दिला जायचा, आणि शेवटी कितवा टेक घेतला तेही. लेबल कागदाचं, ते जातं. हा आकडा तबकडीच्या अंगातच असतो.

पण माझ्या तबकडीच्या त्या पट्टीत ऐंशी वर्षांचा मळ भरला होता. स्पिरिट लावायचा मोह होतो, तो टाळायचा. ह्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटात विरघळते. आकड्यांसकट गाणं पुसलं जाईल. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबलावर वाटी उपडी धरून ते कोरडं ठेवायचं, मऊ कापडाने टिपून उभी वाळवायची. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं टोक आडवं धरून हलकेच घासायचं, लहानपणी नाण्यावर घासायचो तसं. आकडे एकेक करून वर आले. एक मात्र अडला. तो तीन होता की आठ, काही केल्या ठरेना. बॅटरी अगदी आडवी धरून उजेड टाकला तरी डाव्या बाजूची वेटोळी बंद आहेत की उघडी, ते दिसेना.

मी दोन्ही शक्यता लिहून काकांना पाठवल्या. त्यांच्याकडे वह्या आहेत. ज्या तबकडीचं लेबल शाबूत आहे तिचा मॅट्रिक्स नंबर, नाव, गाणं, वाद्यं, असं आयुष्यभर टिपलेलं. आठ धरला तर आजूबाजूचे नंबर एका नाटक मंडळीच्या विनोदी संवादांचे निघाले, सगळे पुरुष. तीन धरला तर शेजारचे दोन नंबर एकाच बाईचे होते. लेबलावरचं नाव काकांनी वाचून दाखवलं: गांधारी, हुबळी.

मी म्हणाले, कोण गांधारी?

काका जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "गंगूबाई. आपल्या गंगूबाई हनगल."

मला ते पटेना. मी गंगूबाईंना ऐकलंय. समोर बसून ऐकलंय, लहान असताना, बाबांच्या मांडीवर. तो आवाज बाईचा की पुरुषाचा असा प्रश्न तिथे कुणाला पडत नव्हता. तो खोल विहिरीतून वर येणारा, पितळी, जाड, पोटातून लागलेला आवाज होता. शेजारच्या काकूंनी कानात विचारलं होतं, गातंय कोण? आणि ही माझ्या तबकडीवरची बाई तर चिमणीसारखी. वेग दुरुस्त केल्यावरसुद्धा ती चिमणीच राहिली होती, फक्त जरा शांत बसलेली चिमणी.

पण तेच खरं होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या त्या गांधारी ह्या नावाने. १९१३ सालचा त्यांचा जन्म, म्हणजे तेव्हा जेमतेम विशीच्या आसपास. पुढे घशाच्या दुखण्यावर इलाज झाले, टॉन्सिल्सचं निमित्त झालं, आणि आवाज कायमचा खाली उतरला. आज आपण ज्याला गंगूबाईंचा आवाज म्हणतो तो त्यानंतरचा. त्या उतरलेल्या आवाजावर त्यांनी सगळं गाणं उभं केलं, पंचाण्णव-शहाण्णव वर्षं जगल्या, आणि आधीचा आवाज लाखेच्या ह्या तबकड्यांवर राहून गेला. तेव्हा नंतरचे रेडिओचे कार्यक्रम, बैठका, काही काही शेजारी ठेवून उपयोग नव्हता. आवाजाशी आवाज जुळवायचा तर तो त्याच वयाचा हवा.

काकांकडे तसाही आवाज होता. भावगीत गायक ग. ना. जोशींबरोबर गांधारींनी गायलेलं द्वंद्वगीत. काका म्हणाले, द्वंद्वगीत सापडलं तर सोनं समजायचं, कारण जोशींचा गळा आपल्याला चांगला परिचयाचा. त्यांचा आवाज जोशींसारखा वाटेपर्यंत वेग खालीवर करायचा, तो जुळला की सोबतची बाईही आपोआप खऱ्या जागी येते. तसं करून ऐकलं. तीच धार, तानेच्या आधीची तीच घाई. मी एक गोष्ट आणखी टिपली होती, ती मला फार मोठा पुरावा वाटत होती. आपल्या 'माझा' मधला दंत्य 'झा' ही बाई जरा टाळूला लावून म्हणते, कानडी मुलुखातली माणसं म्हणतात तसा. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे, पण मिरजेपासून धारवाडपर्यंत अर्धं गाणं त्याच उच्चारात होतं. त्याने गाव कळेल, बाई नाही कळायची. शेजारच्या नंबरांचंही तसंच. एका दिवसात दोन कलाकार आलटून पालटून गायले असतील तर शेजारचा नंबर भलत्याचाच निघतो.

शेवटचा दाखला महिनाभराने मिळाला. काकांच्या ओळखीच्या एका संग्रहात तोच मॅट्रिक्स नंबर असलेली, लेबल शाबूत असलेली तबकडी होती. त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. मी दोन्ही एकदम लावल्या. दुसऱ्या कडव्याच्या आधी माझ्या तबकडीवरची बाई एक चोरटा श्वास घेते आणि त्याच वेळी तबल्यावर एक बोट चुकून घसरतं. त्यांच्या तबकडीवर तोच श्वास होता, आणि तेच घसरलेलं बोट. दुसऱ्या टेकमध्ये हे दोन्ही पुन्हा तसंच होणं शक्य नाही. नाव गांधारीच.

त्या रात्री मला आनंद झाला, आणि उदासही वाटलं. शतकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींना ही अडचण नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान गायल्या आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारून मोकळ्या झाल्या. मेणाचे साचे तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कारागिराला काय कळणार कोण गातंय; म्हणून गाणाऱ्याने नाव सांगायचं. पुढे छपाई इथेच होऊ लागली, लेबलावर भरवसा बसला, आणि पुकारा बंद झाला. गांधारींनी आपलं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो ते सांगितलं नसतं.

दिवाळीत मी सांगलीला गेले. बरोबर वेग कमीजास्त करता येणारा चांगला प्लेअर, आणि अठ्ठ्याहत्तरच्या रुंद खाचेची जाड सुई. आधीच्या प्लेअरची एलपीची बारीक सुई खाचेच्या तळातल्या धुळीतून चालत होती, निम्मी खरखर तिचीच होती. आत्याला मी सगळं सांगितलं. "आत्या, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. त्या हिराबाई नव्हेत." तिचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, कशाला सांगितलं आपण. ७५.७ वर गाणं लावलं. ती डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "आत्ता बरोबर वाटतंय. मागच्या वेळी पळत होती ती." मग मी गंगूबाईंची उतारवयातली एक बैठक ऐकवली. आत्याने एकदा तबकडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ही तीच?" मी म्हणाले, तीच. "घसा गेला होय गं तिचा," ती अगदी हळू म्हणाली, घरातल्या कुणाबद्दल बोलावं तशी.

मग तिने तबकडी मागितली. मांडीवर घेतली आणि लेबलावरून बोट फिरवलं, गोल, त्याच झिजलेल्या पट्ट्यावरून.

"हे मी केलंय," ती म्हणाली.

मला कळेना. ती सांगू लागली. ग्रामोफोन उंच टेबलावर असायचा. ही चार-पाच वर्षांची, पाटावर उभी राहायची. दादा चावी देऊन, पिन बदलून, रेकॉर्ड लावून खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसायचे. आणि लेबलावरचा कुत्रा गरागरा फिरायचा. तिला तो पकडायचा असायचा. ती त्याच्यावर बोट टेकवून ठेवायची, कुत्रा बोटाखालून निसटत राहायचा, बोटाचं टोक गरम व्हायचं. जास्त दाबलं की बाईचा आवाज जड व्हायचा, खाली जायचा, पुरुषासारखा. दादा डोळे न उघडता म्हणायचे, "मने, बोट काढ." ती काढायची. बाई पुन्हा बारीक व्हायची.

"ह्याच रेकॉर्डीला करायचीस?" मी विचारलं.

"हीच लावायचे गं ते रोज," आत्या म्हणाली, आणि तबकडी माझ्या हातात देत म्हणाली, "लाव परत. मी नाही हात लावत."